एबीजीचा कागद हातात आल्यावर: नर्सिंगच्या परीक्षेसाठी आम्ल-अल्क संतुलन, पायरी-पायरीने

स्टाफ नर्स म्हणून माझं पहिलंच वर्ष होतं. रात्रपाळीला दम्याचा तीव्र झटका आलेला एक तरुण पेशंट आला. एबीजी पाठवला, कागद हातात आला. पीएच ७.३८, सीओटू ४१, बायकार्ब २४. मी इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं, "सिस्टर, एबीजी नॉर्मल आहे." त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही, पेशंटकडे पाहिलं. तो मघापर्यंत धापा टाकत होता, आता शांत पडला होता आणि वाक्य पूर्ण करता येत नव्हतं. "डॉक्टरांना बोलव, इंट्यूबेशनची ट्रॉली इकडे घे," एवढंच त्या म्हणाल्या.

तीनही आकडे नॉर्मल, मग चुकलं काय? या प्रश्नाचं उत्तर ज्याला नीट देता येतं, त्याला एबीजी कळला. विद्यापीठाचा पेपर असो, नॉर्सेट असो की राज्यातली स्टाफ नर्स भरती, एबीजीच्या अवघड प्रश्नांमध्ये बहुतेक वेळा हेच विचारलेलं असतं. तिथपर्यंत टप्प्याटप्प्याने जाऊ.

अभ्यासाला बसताना जवळ ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत:

- कोरे कागद आणि पेन्सिल. एबीजी डोळ्यांनी वाचून येत नाही, चौकट आखून सोडवावा लागतो.
- साधा कॅल्क्युलेटर, तोही फक्त पहिल्या आठवड्यात. परीक्षेत तो मिळेलच असं नाही.
- पोस्टिंगला असाल तर वॉर्डातल्या खऱ्या एबीजीचे आकडे लिहून घ्यायला एक छोटी वही. पेशंटचं नाव किंवा नोंदणी क्रमांक त्यात लिहू नका. वय, आजार आणि आकडे पुरेत.

## १. आधी तीनच आकडे पाठ करा

एबीजीच्या कागदावर पंधरा-वीस ओळी असतात. नवीन मुलं त्या सगळ्या वाचायला जातात आणि गोंधळतात. आम्ल-अल्क संतुलनासाठी सुरुवातीला तीनच ओळी लागतात:

```
pH      7.35 - 7.45
PaCO2   35 - 45 mmHg
HCO3    22 - 26 mEq/L
```

पीएच कमी झाला तर रक्त आम्लाकडे झुकलं, म्हणजे ॲसिडोसिस. वाढला तर अल्ककडे, म्हणजे अल्कलोसिस. ही उलटी दिशा सुरुवातीला चुकते, कारण "ॲसिड वाढलं" म्हटलं की आकडाही वाढावा असं मनाला वाटतं. प्रत्यक्षात आम्ल वाढतं तेव्हा पीएच उतरतो.

पीएचच्या आकड्याला लहान समजू नका. ७.४ वरून ७.१ म्हणजे जेमतेम तीन दशांशांचा फरक दिसतो, पण रक्तातले हायड्रोजन आयन तेवढ्यात दुप्पट झालेले असतात. म्हणून ७.१ पीएचचा पेशंट "थोडासा ॲसिडिक" नसतो, तो गंभीर असतो.

ऑक्सिजनचा आकडा (`PaO2`, नॉर्मल ८० ते १००) या टप्प्यावर बाजूला ठेवा. तो महत्त्वाचा आहे, पण तो ॲसिडोसिस की अल्कलोसिस हे ठरवत नाही. प्रश्नात तो बऱ्याचदा लक्ष विचलित करायलाच दिलेला असतो.

## २. आम्ल कोण, अल्क कोण

सीओटू हा वायू आहे, मग तो आम्ल कसा? सोडावॉटरची बाटली आठवा. पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळवला की कार्बॉनिक आम्ल तयार होतं, ते जिभेला चुरचुरतं. रक्तातही हेच घडतं. सीओटू साठला की आम्ल वाढतं, पीएच उतरतो. तो बाहेर टाकायचं काम फुफ्फुसांचं.

बायकार्ब म्हणजे बायकार्बोनेट. स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा हे सोडियम बायकार्बोनेटच असतं. ते अल्क. ते राखायचं, नवं बनवायचं काम मूत्रपिंडांचं. (दोन्हीकडे "सोडा" हा शब्द आला म्हणून गडबड करू नका. बाटलीतला सोडा आम्ल, डब्यातला सोडा अल्क.)

यावरून एक नियम आपोआप निघतो:

- सीओटू आणि पीएच एकमेकांच्या उलट जातात. सीओटू वर, पीएच खाली.
- बायकार्ब आणि पीएच एकाच दिशेला जातात. बायकार्ब खाली, पीएच खाली.

इंग्रजी पुस्तकांत यासाठी "रोम" हे सूत्र देतात. मी स्वतः "श्वासाचं उलट, चयापचयाचं सुलट" असं पाठ केलं होतं आणि मला तेच पेपरमध्ये आठवायचं. तुम्हाला जे आठवेल ते धरा, पण एकच धरा. दोन सूत्रं पाठ केली की ऐन वेळी एकमेकांत मिसळतात.

## ३. फुली-गोळ्याची चौकट आखा

कागदावर तीन उभे रकाने करा: आम्ल, नॉर्मल, अल्क. आता तीन आकडे एकेक करून योग्य रकान्यात टाका. समजा कॅज्युअल्टीत झोपेच्या गोळ्या जास्त घेतलेला पेशंट आला. श्वास मिनिटाला आठ, तेही उथळ.

```
pH 7.24    PaCO2 60    HCO3 25
```

७.२४ म्हणजे आम्ल, पीएच पहिल्या रकान्यात. सीओटू ६० म्हणजे आम्ल जास्त, तोही पहिल्या रकान्यात. बायकार्ब २५ नॉर्मल, मधल्या रकान्यात. पीएचच्या रकान्यात त्याच्यासोबत जो बसला, मूळ बिघाड त्याचा. इथे सीओटू बसला, म्हणजे रेस्पिरेटरी ॲसिडोसिस. बायकार्ब अजून जागचं हललं नाही, म्हणजे शरीराने भरपाई सुरू केलेली नाही: अनकॉम्पेन्सेटेड.

रकान्यात टाकताना सर्वांत जास्त चुका सीओटूच्या बाबतीत होतात. मोठा आकडा दिसला की हात उजवीकडे जातो. सीओटू ४५ च्या वर म्हणजे आम्ल, ३५ च्या खाली म्हणजे अल्क. बायकार्ब २२ च्या खाली म्हणजे आम्ल, २६ च्या वर म्हणजे अल्क. पहिली वीस उदाहरणं सोडवेपर्यंत हे दोन्ही चौकटीच्या वरच लिहून ठेवा.

पीएच नॉर्मल असेल आणि बाकीचे दोन्ही आकडे बिघडलेले असतील, तर मधली रेघ ७.४० ला धरा. ७.३६ असेल तर पीएचचा कल आम्लाकडे आहे, ७.४४ असेल तर अल्ककडे. त्या कलाशी जुळणारा आकडा तो मूळ बिघाड. याचं उदाहरण पुढे सातव्या पायरीत आहे.

## ४. भरपाई किती झाली ते सांगा

एका बाजूचं वजन वाढलं की शरीर दुसऱ्या बाजूला वजन टाकतं. बिघाड मूत्रपिंडाच्या बाजूचा असेल तर फुफ्फुसं धावतात आणि फुफ्फुसांचा असेल तर मूत्रपिंडं. दोघांचा वेग मात्र फार वेगळा आहे. श्वास मिनिटांत बदलतो, मूत्रपिंडांना पूर्ण भरपाईला तीन ते पाच दिवस लागतात. त्यामुळे झोपेच्या गोळ्यांच्या पेशंटचं बायकार्ब नॉर्मल असणं साहजिक आहे. त्याला बिघडून काही तासच झालेत.

पेपरमध्ये लिहायची भाषा अशी:

- दुसरा आकडा नॉर्मलमध्येच आहे: अनकॉम्पेन्सेटेड.
- दुसरा आकडाही सरकला आहे, पण पीएच अजून नॉर्मलबाहेर आहे: पार्शली कॉम्पेन्सेटेड.
- दोन्ही आकडे बिघडलेले आणि पीएच नॉर्मलच्या आत: फुली कॉम्पेन्सेटेड.

इथे एक मोठा सापळा आहे. भरपाई कधीच रेघ ओलांडून पलीकडे जात नाही. ॲसिडोसिसची भरपाई करता करता शरीर स्वतःहून अल्कलोसिसमध्ये जात नाही. ॲसिडोसिसच्या पेशंटचा पीएच ७.४८ दिसत असेल, तर दुसरा बिघाड आहे किंवा आपण कुठेतरी जास्त उपचार केला आहे. पर्यायांमध्ये "ओव्हरकॉम्पेन्सेटेड" असा शब्द दिसला तर तो खोडून टाका.

आणि दोन्ही आकडे पीएचच्याच रकान्यात बसले तर? समजा पीएच ७.०५, सीओटू ६०, बायकार्ब १६. इथे भरपाई कोणीच करत नाही, दोघंही मिळून पीएच खाली ओढताहेत. हा मिक्स्ड ॲसिडोसिस. हृदय बंद पडून सीपीआर चालू असलेल्या पेशंटमध्ये असं चित्र दिसतं: श्वास नाही म्हणून सीओटू साठतो, ऊतींना ऑक्सिजन नाही म्हणून लॅक्टिक आम्ल साठतं.

## ५. एक पूर्ण केस: डीकेए

परीक्षेत सर्वांत जास्त वेळा येणारी आणि सर्वांत जास्त शिकवणारी केस हीच आहे, म्हणून इथे थांबू.

एकोणीस वर्षांची मुलगी, टाइप १ मधुमेह. दोन दिवस उलट्या होत होत्या. "जेवतच नाही तर इन्सुलिन कशाला," म्हणून घरच्यांनी इन्सुलिन बंद ठेवलं. आली तेव्हा श्वास मिनिटाला ३४, खोल आणि लांब, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, जीभ कोरडी. साखर ४८०.

```
pH 7.16   PaCO2 20   HCO3 7
Na 132    Cl 96      K 5.2
```

चौकट आखा. पीएच आम्ल. सीओटू २० म्हणजे अल्कच्या रकान्यात. बायकार्ब ७ म्हणजे आम्लाच्या रकान्यात, पीएचसोबत. मेटाबॉलिक ॲसिडोसिस. सीओटू विरुद्ध बाजूला सरकला आहे आणि पीएच अजून बाहेर आहे, म्हणून पार्शली कॉम्पेन्सेटेड. जी.एन.एम.च्या पातळीच्या प्रश्नाला एवढं उत्तर पुरतं.

आता पुढे जाऊ. मेटाबॉलिक ॲसिडोसिसमध्ये फुफ्फुसांनी सीओटू कितीपर्यंत उतरवायला हवा, हे काढायचं सूत्र आहे. त्याला विंटर्सचं सूत्र म्हणतात:

```
PaCO2 = (1.5 × HCO3) + 8 ± 2
```

दीड गुणिले ७ म्हणजे साडेदहा, अधिक आठ म्हणजे साडेअठरा. दोन कमी-जास्त धरले तर साडेसोळा ते साडेवीस. तिचा सीओटू २० आहे. म्हणजे फुफ्फुसं जेवढं करायला हवं तेवढं करताहेत. तो खोल, लांब श्वास (कुसमॉल श्वसन) हा फुफ्फुसांचा आजार नाही, ती भरपाई आहे. "श्वास जास्त आहे, म्हणून श्वास कमी करण्यासाठी शामक द्या" असा पर्याय आला तर तो चूक आणि धोकादायक आहे.

आता समजा हीच मुलगी तीन तासांनी दमली, श्वास २० वर आला आणि नव्या एबीजीत सीओटू ३४ दिसला. ३४ म्हणजे जवळजवळ नॉर्मल. पण बायकार्ब ७ च आहे, आणि ७ ला शोभणारा सीओटू १८-१९ होता. म्हणजे फुफ्फुसं हरायला लागली आहेत. तिचा पीएच आता ६.९३ च्या आसपास असेल. आकडा नॉर्मलकडे आला आणि पेशंट मरणाकडे निघाला.

एबीजी वाचताना "हा आकडा नॉर्मल आहे का?" एवढंच विचारू नका. "या पेशंटमध्ये, या दुसऱ्या आकड्यासोबत, हा आकडा किती असायला हवा होता?" असं विचारा.

पुढची पायरी ॲनायन गॅप. रक्तात धन भार आणि ऋण भार सारखेच असतात, पण आपण मोजतो त्यातले मोजकेच. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा केले की न मोजलेल्या ऋण भारांचा अंदाज येतो:

```
AG = Na − (Cl + HCO3)
132 − (96 + 7) = 29
```

नॉर्मल साधारण ८ ते १२. इथे २९. म्हणजे रक्तात कुठलं तरी वेगळं आम्ल येऊन बसलं आहे, इथे कीटोन्स. लॅक्टिक ॲसिडोसिस, मूत्रपिंड निकामी होणं, मिथेनॉलची विषबाधा यांतही गॅप असाच वाढतो. उलट जुलाबांमध्ये बायकार्ब शौचावाटे निघून जातं, त्याची जागा क्लोराइड घेतं, आणि ॲसिडोसिस असूनही गॅप नॉर्मल राहतो. जुलाब की उलट्या यात गडबड होत असेल तर हे लक्षात ठेवा: पोटातून वरून जातं ते आम्ल, आतड्यातून खालून जातं ते अल्क. म्हणून उलट्यांत अल्कलोसिस, जुलाबात ॲसिडोसिस.

आता पोटॅशियम. ५.२ पाहून "पोटॅशियम जास्त आहे, देऊ नका" असं उत्तर लिहिणारे पुष्कळ असतात. इन्सुलिन नाही आणि रक्त आम्लधर्मी झालंय, त्यामुळे पेशींतलं पोटॅशियम बाहेर रक्तात आलं आहे. लघवीवाटे आणि उलट्यांतून ते दोन दिवस शरीराबाहेरही जातंय. शरीरातला एकूण साठा रिकामा होत चाललाय आणि रक्तातला आकडा भरलेला दिसतो. इन्सुलिन सुरू केलं की पोटॅशियम झपाट्याने पेशींत परततं आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून क्रम असा: आधी नॉर्मल सलाइन, पोटॅशियमचा रिपोर्ट पाहून मग शिरेतून रेग्युलर इन्सुलिन, कार्डियाक मॉनिटर चालू, लघवी होतेय याची खात्री करून पोटॅशियम. पोटॅशियम आधीच कमी असेल तर इन्सुलिन थांबवून आधी तेच भरून काढतात.

आणखी दोन गोष्टी विचारल्या जातात. बायकार्ब इतकं कमी असूनही सोडाबायकार्बचं इंजेक्शन लगेच देत नाहीत. इन्सुलिनने कीटोन्स बनणं थांबलं की बायकार्ब आपोआप वाढतं. पीएच ७ च्या खाली गेल्याशिवाय सहसा त्याचा विचार होत नाही. आणि साखर २५० पर्यंत उतरली की सलाइनमध्ये डेक्स्ट्रोज जोडतात, इन्सुलिन बंद करत नाहीत. साखर लवकर उतरते, आम्ल उशिरा जातं. डीकेए संपला की नाही हे साखरेवरून नाही, भरत आलेल्या गॅपवरून आणि बायकार्बवरून ठरतं.

## ६. दम्याच्या पेशंटकडे परत

आता सुरुवातीचा पेशंट पाहा. दम्याच्या झटक्यात माणूस जोरजोरात श्वास घेतो, त्यामुळे सुरुवातीला सीओटू खाली जातो, ३० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पीएच थोडा वर. हा रेस्पिरेटरी अल्कलोसिस अपेक्षितच आहे. झटका वाढत गेला, श्वासाचे स्नायू थकले की हवा कमी खेळते आणि सीओटू चढायला लागतो. ३० वरून ५० ला जाताना तो वाटेत ४० ला भेटतो. माझ्या हातात कागद आला तो नेमका त्या क्षणाचा होता.

प्रश्न असा येतो: तीव्र दम्याच्या पेशंटमध्ये पुढीलपैकी कोणती बाब सर्वांत चिंताजनक? पर्यायांत मोठा आवाज करणारी शिट्टी असते, श्वास मिनिटाला ३० असतो, सीओटू ३१ असतो आणि एक पर्याय असतो सीओटू ४२. उत्तर ४२. छातीतली शिट्टी अचानक बंद होणं हेही त्याच जातीचं चिन्ह आहे. हवा आत जात नसेल तर आवाज कुठून येणार?

## ७. जुना सीओपीडी: दुसऱ्या टोकाची केस

पासष्ट वर्षांचे आजोबा, चाळीस वर्षं विड्या ओढल्या, आज हर्नियाच्या ऑपरेशनपूर्व तपासणीला आले. बोलतात, चालतात, तक्रार नाही.

```
pH 7.36   PaCO2 58   HCO3 32
```

पीएच नॉर्मल, पण ७.४० च्या खाली, म्हणजे कल आम्लाकडे. सीओटू आम्ल, बायकार्ब अल्क. कलाशी सीओटू जुळतो. फुली कॉम्पेन्सेटेड रेस्पिरेटरी ॲसिडोसिस. बायकार्ब ३२ वर चढायला मूत्रपिंडांना दिवस लागले असणार, म्हणजे हा बिघाड जुना आहे. झोपेच्या गोळ्यांच्या पेशंटचा सीओटूही साधारण एवढाच होता, ६०, पण बायकार्ब २५ होतं आणि पीएच ७.२४. दोन कागद शेजारी ठेवा. सीओटू जवळजवळ सारखा, आणि एक माणूस घरी जाऊ शकतो, दुसऱ्याला तातडीने श्वासाला मदत हवी. फरक फक्त भरपाईच्या वेळेचा.

या आजोबांना ऑक्सिजन लावायची वेळ आली तर सॅच्युरेशनचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के ठेवतात, ठरावीक प्रमाण देणारा व्हेंचुरी मास्क बरा. ९९ टक्के दिसावं म्हणून ऑक्सिजन वाढवत नेला तर सीओटू आणखी साठू शकतो. पण यातून "सीओपीडीला ऑक्सिजन देऊ नका" असा अर्थ काढू नका. सॅच्युरेशन ७८ असेल तर ऑक्सिजन द्यायचाच, मोजून द्यायचा आणि एबीजी पुन्हा पाहायचा.

## ८. नमुना चुकला तर कागदही चुकतो

प्रॅक्टिकलला आणि तोंडी परीक्षेला हा भाग हमखास विचारतात. साहित्य: हेपरिन असलेली एबीजी सिरिंज, बारीक सुई, स्पिरिट स्वॅब, कोरडा गॉज, ग्लोव्हज, सिरिंजचं टोपण, लेबल.

मनगटाजवळची रेडियल धमनी पहिली पसंती. आधी ॲलन टेस्ट: पेशंटला मूठ घट्ट आवळायला सांगा, रेडियल आणि अल्नर दोन्ही धमन्या दाबा, मूठ उघडायला सांगा, तळवा पांढरा दिसेल, मग फक्त अल्नर सोडा. काही सेकंदांत तळव्याला लाली आली तर अल्नरचा पुरवठा ठीक आहे. "ॲलन टेस्ट पॉझिटिव्ह" या शब्दाचा अर्थ वेगवेगळ्या पुस्तकांत उलटसुलट दिलेला असतो. म्हणून तोंडीला "लाली इतक्या सेकंदांत परत आली" असं सरळ सांगा, कोणी चूक काढू शकणार नाही.

सुई ३० ते ४५ अंशांत. सुई काढल्यावर किमान पाच मिनिटं घट्ट दाबून धरा. रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर आणखी जास्त वेळ. हे काम नातेवाइकांवर किंवा पेशंटवर सोपवू नका.

आता चुका आणि त्यांचे परिणाम:

- हवेचा बुडबुडा राहिला: ऑक्सिजन खोटा वाढतो, सीओटू खोटा कमी होतो.
- सिरिंजमध्ये द्रव हेपरिन जास्त राहिलं: नमुना पातळ होतो, सीओटू आणि बायकार्ब दोन्ही कमी दिसतात. हे चित्र मेटाबॉलिक ॲसिडोसिससारखं भासू शकतं.
- नमुना टेबलावर तसाच राहिला: रक्तपेशी जिवंत असतात, त्या ऑक्सिजन वापरतात आणि सीओटू बनवतात. म्हणून पीएच आणि ऑक्सिजन उतरतात, सीओटू वाढतो. अर्ध्या तासाच्या आत मशीनवर जायला हवा. उशीर होणार असेल तर पुस्तकी उत्तर बर्फ.
- धमनीऐवजी शीर लागली: ऑक्सिजन ४० च्या आसपास येतो. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९७ आणि कागदावर सॅच्युरेशन ७० असेल, पेशंट गुलाबी आणि बोलता असेल, तर पेशंट बिघडला म्हणण्याआधी नमुन्याचा विचार करा.

कागदावर पेशंटचं तापमान आणि किती ऑक्सिजन चालू होता ते लिहायला विसरू नका. ऑक्सिजनचं प्रमाण बदललं किंवा सक्शन केलं, तर साधारण वीस ते तीस मिनिटं थांबून नमुना घ्या. ऑक्सिजन ९० हा आकडा साध्या हवेवर उत्तम असतो, आणि मास्कने ६० टक्के ऑक्सिजन चालू असताना तोच फुफ्फुसांचा मोठा बिघाड सांगतो.

## ९. हातासरशी तीन सोडवा

उत्तरं झाका, चौकट आखा, मगच खाली पाहा.

पहिलं. ऑपरेशननंतर तीन दिवस नाकातल्या नळीने पोटातलं सगळं ओढलं जातंय. पीएच ७.४९, सीओटू ४७, बायकार्ब ३५.

दुसरं. परीक्षेच्या हॉलबाहेर घाबरलेली विद्यार्थिनी, श्वास जोरात, बोटांना मुंग्या, हात वळताहेत. पीएच ७.५३, सीओटू २७, बायकार्ब २२.

तिसरं. डीकेएचा दुसरा पेशंट. पीएच ७.१३, सीओटू ३१, बायकार्ब १०.

पहिल्याचं उत्तर मेटाबॉलिक अल्कलोसिस, पार्शली कॉम्पेन्सेटेड. पोटातलं आम्ल नळीने बाहेर गेलं. इथे पोटॅशियम आणि क्लोराइड कमी असण्याची शक्यता मोठी, तेच पुढच्या प्रश्नात विचारतात.

दुसऱ्याचं रेस्पिरेटरी अल्कलोसिस, अनकॉम्पेन्सेटेड. हात वळतात कारण अल्कलोसिसमध्ये मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं आणि रक्तात मोकळं उरतं ते कमी होतं. एकूण कॅल्शियमचा रिपोर्ट मात्र नॉर्मल येतो. तिला शांत करून श्वास हळू घ्यायला लावणं हे पहिलं काम.

तिसरं चौकटीत टाकलंत तर मेटाबॉलिक ॲसिडोसिस, पार्शली कॉम्पेन्सेटेड असंच येईल, आणि ते अर्धंच उत्तर आहे. सूत्र लावा. दीड गुणिले १० म्हणजे १५, अधिक ८ म्हणजे २३, दोन कमी-जास्त धरून २१ ते २५. त्याचा सीओटू ३१ आहे. सीओटू नॉर्मलपेक्षा कमी दिसत असला तरी या पेशंटसाठी तो जास्तच आहे. मेटाबॉलिक ॲसिडोसिसच्या जोडीला रेस्पिरेटरी ॲसिडोसिसही सुरू झालाय. पेशंट दमतोय, की छातीत न्यूमोनिया आहे, की कोणी झोपेचं औषध दिलंय, हे जाऊन पाहा आणि डॉक्टरांना आकड्यांसकट कळवा: "सीओटू एकतीस आहे सर, बायकार्बच्या हिशोबाने तेवीस हवा होता."